बोनसला कुणी उठत नाही

आमच्या शाळेच्या संघातली चढाई करणारी मुलगी दिवाळीनंतर तापानं गेली. अकरावीत होती. डेंग्यू झाला, नगरच्या दवाखान्यात नेलं, आणि आठवड्याच्या आत सगळं संपलं. मी काष्टीच्या बाजूच्या एका गावात शाळेत खेळ शिकवते. तिला पाचवीपासून ओळखत होते, सातवीपासून कबड्डी खेळवत होते. गावात तिच्या वडिलांची, भाऊंची, पिठाची गिरणी आहे. मी दळण घेऊन जायचे तेव्हा ते डबा घेता घेता विचारायचे, "पोरगी शाळंत नीट वागती ना?" खेळाबद्दल त्यांनी कधी काही विचारलं नव्हतं. अडवलंही नव्हतं. सामन्यांची वेळ संध्याकाळची, आणि गिरणीवर गर्दीही तेव्हाच. तिची आई, आमच्या वहिनी, रानातून येऊन गिरणीवर बसायच्या, म्हणजे भाऊंना चहा प्यायला उठता यायचं. दोघांपैकी एकानंही मुलीचा एकसुद्धा सामना पाहिला नव्हता.

ती गेल्यानंतर महिनाभरानं वहिनी शाळेत आल्या. माझा आठवीचा तास चालू होता. त्या मैदानाच्या कडेला, लिंबाखाली उभ्या राहिल्या आणि तास संपेपर्यंत जवळ आल्या नाहीत. मुलं पांगल्यावर मीच गेले.

"बाई, एक काम हुतं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं शाळेतला दाखला वगैरे काही हवा असेल. मी म्हटलं, "ऑफिसात चला, बसू."

"न्हाई, हितंच बरं हाय." मग मैदानाकडं बघत म्हणाल्या, "लोकं भेटाय येत्यात. समदी म्हनत्यात, काय चढाई करायची तुमची पोरगी, काय बोनस घ्यायची. मी नुसती मान हलवती. भितीला तिची पदकं टांगल्याली हायेत, ती कशापायी मिळाली ते मला सांगता येत न्हाई. मला बघायचंय, बाई. ती काय करत हुती ते."

मी म्हटलं, पोरींच्या मोबाईलमध्ये तिच्या सामन्यांचे व्हिडिओ आहेत, दाखवते.

"मोबाईलमधी न्हाई. त्यात ती दिसंल. ती दिसली की माजं ध्यान तिच्यावरच जाईल, खेळ कळायचा न्हाई. मला नुसता खेळ बघायचाय."

पुढच्या रविवारी शेजारच्या गावात मुलींची स्पर्धा होती आणि आमचा संघ त्यात उतरणार होता. तिच्यामागं पोरी खेळायलाच तयार नव्हत्या. मीच रेटून नाव दिलं होतं. मी वहिनींना म्हटलं, रविवारी माझ्यासोबत चला. मी शेजारी बसते आणि सांगते.

हे बोलून गेले खरी, पण घरी गेल्यावर माझ्या लक्षात आलं की हे सांगायचं कसं.

आमच्याकडं कबड्डी बोलायची एक भाषा आहे. मी स्वतः मातीवर खेळत वाढले, आमच्या गल्लीतल्या पोरांच्यात. चढाई करणाऱ्यानं शिवलं की समोरचा मेला. तो बाहेर जाऊन बसतो. आपल्या बाजूनं गुण मिळवला की मेलेला उठतो आणि पुन्हा आत येतो. नियमांच्या पुस्तकात 'बाद' आणि 'जिवंत' असं लिहिलेलं असतं, पण मैदानावर ते कुणी बोलत नाही. मेली, उठली, मार, मारली. मी गेली वीसेक वर्षं पोरींना हेच ओरडून सांगत आलेय. आणि आता लेक गेलेल्या बाईच्या शेजारी बसून मला हा खेळ समजावायचा होता.

शनिवारी सरावाच्या वेळी मी पोरींना सांगितलं, "उद्या कुणी मेली-उठली म्हणायचं नाही. बाद म्हणायचं. आत आली म्हणायचं." त्यांना कारण विचारावं लागलं नाही. त्यांच्यातली एक, जिला त्या मुलीच्या जागी आता चढाईला जावं लागत होतं, तोंड फिरवून बुटाची नाडी बांधत बसली. या दोघी पहिलीपासून एका बाकावरच्या. ती खरी कोपऱ्यातली खेळाडू, पकड करणारी. चढाई तिच्या अंगात नव्हती. पण दुसरं कुणी नव्हतंच.

रविवारी मी स्वतः संघाच्या बाकावर बसले नाही, आमच्या दुसऱ्या सरांना बसवलं. वहिनींना न्यायला गेले तर गिरणीचं शटर खाली ओढलेलं आणि भाऊ टोपी घालून बाहेर उभे. मला ते अपेक्षित नव्हतं. ते म्हणाले, "आमीबी येतो. चालंल ना?"

"चालेल की, भाऊ."

"दळनं पडल्यात. पर सध्या संध्याकाळची लाईट साडेसातशिवाय येत न्हाई. तवर येऊ."

मैदान म्हणजे तिथल्या शाळेचं पटांगण. मध्ये मॅट अंथरलेली, निळी आणि लाल. चारी बाजूंना बांबूचे कठडे, एका अंगाला मांडव, मांडवात माईकवाला. कडेला भेळेची गाडी. आम्ही मॅटच्या लांबीकडच्या बाजूला, पुढच्या रांगेत बसलो. मी मध्ये, माझ्या डाव्या हाताला वहिनी, उजव्या हाताला भाऊ. मागं गावातली पोरंबाळं, बाप्ये, बाया. आमचा सामना मिरजगावकडच्या संघाशी होता. त्यांच्या पोरी उंच आणि दणकट, दरवर्षी गाठ पडायचीच.

सामना सुरू व्हायच्या आधी मी दोघांना मॅटवरच्या रेषा दाखवल्या. "ही मधली रेषा. अलीकडं आपल्या सात, पलीकडं त्यांच्या सात. आळीपाळीनं एका बाजूची एक जण पलीकडं जाते. त्याला चढाई म्हणायचं. जाताना कबड्डी कबड्डी असं एका दमात म्हणत राहायचं. दम तुटायच्या आत परत यायचं. अर्धं मिनिट असतं."

"एकटीच जायाची?" वहिनींनी विचारलं.

"एकटीच."

"आनि पलीकडं सात जनी."

"हो. जाऊन कुणाला तरी शिवायचं आणि मधली रेषा ओलांडून परत यायचं. जेवढ्यांना शिवलं तेवढ्या बाद, तेवढे गुण आपल्याला. पण त्यांनी धरून ठेवलं, परत येऊ दिलं नाही, तर आपली बाद."

भाऊ पुढं वाकून ऐकत होते. गिरणीच्या आवाजामुळं त्यांना थोडं कमी ऐकू येतं. ते म्हणाले, "म्हंजी गेली तर येनं म्हत्त्वाचं."

"हो, भाऊ."

शिट्टी झाली. पहिली चढाई त्यांची. त्यांची पोरगी आली, इकडंतिकडं पाय टाकून परत गेली. मग आमची गेली, तीही नुसती जाऊन आली. मी सांगितलं, याला रिकामी चढाई म्हणतात. ती दुसरी आडवी रेषा आहे ना, निदान रेषा, ती एकदा तरी ओलांडायची. तेवढं करून परत आलं की चूक नाही. गुण कुणालाच नाही.

"मोकळंच जाऊन यायाचं," वहिनी म्हणाल्या.

"कधीकधी तसं करावंच लागतं. समोरच्यांचा अंदाज घ्यायला."

मग त्यांच्या पोरीनं पुढच्या चढाईत आमच्या दोघींना एकदम शिवलं आणि उडी मारून परत गेली. मागून कुणीतरी बाप्या ओरडला, "दोन मेल्या. दोन मेल्या."

मी वहिनींकडं बघितलं नाही. माझी नजर मॅटवरच ठेवली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "दोघी बाद झाल्या. आता त्या बाहेर बसतील." पोरी माझं ऐकत होत्या, गाव कसं ऐकणार. पुढच्या चार-पाच मिनिटांत मागून लोक मेली मेली असं किती वेळा ओरडले याची गणती नाही. ती माणसं काही वाईट नव्हती. आम्ही कोण हेही त्यांना माहीत नव्हतं. खेळाची भाषाच ती.

मग आमच्या पोरींनी त्यांच्या चढाईवालीची पकड केली. चांगली पकड होती, घोटा धरला आणि बाकीच्या अंगावर पडल्या. आमची बाहेर बसलेली एक पोरगी उठून पळत आत आली. मागून आवाज आला, "उठली, एक उठली."

वहिनींनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "उठली म्हंजी?"

आता चुकवायला जागा नव्हती. मी म्हटलं, "आपल्याला गुण मिळाला ना, म्हणून जी बाहेर होती ती परत आत आली. एका गुणाला एक."

"कुनची येती?"

"ज्या क्रमानं गेल्या त्याच क्रमानं. आधी गेलेली आधी येते."

त्यांनी हात काढला नाही. बाहेर बसलेल्या दुसऱ्या पोरीकडं त्या बघत होत्या. ती गुडघ्यावर हनुवटी टेकवून, कधी आत जायला मिळतंय याची वाट बघत बसली होती. वहिनी हळू म्हणाल्या, "म्हंजी त्यान्ला ठावं असतं. आपल्यातली कुनीतरी उठवनार म्हनून."



थोड्या वेळानं भाऊंनीच विचारलं, "बोनस कुठला?"

मी त्यांना बोनस रेषा दाखवली, अगदी मागची, शेवटच्या रेषेच्या थोडी अलीकडं असलेली. "समोर सहा किंवा सात जणी असल्या तरच हा गुण मिळतो. पाचवर आल्या की नाही. चढाई करणारीनं एक पाय त्या रेषेच्या पलीकडं टाकायचा आणि त्याच वेळी मागचा पाय जमिनीवरून उचललेला पाहिजे. दोन्ही जमिनीला असले तर देत नाहीत. कुणाला शिवावं लागत नाही. तसं करून परत आली की एक गुण."

"तिचं पाय लांब हुतं," भाऊ म्हणाले.

"हो. म्हणून तर. सामना सुरू झाला, समोर सात भरलेल्या असल्या की पहिल्या एकदोन चढायांत ती बोनस घेऊन यायचीच. समोरच्यांना माहीत असायचं तरी यायची. कोपऱ्यातली पुढं सरकायची वाट बघायची आणि तेवढ्यात पाय टाकायची."

मी बोलताना हातानं दाखवलं, आणि हात हवेत असतानाच मला ती दिसली. तिचा पुढं टाकलेला उजवा पाय, मागचा अधांतरी पाय, आणि पंचाकडं न बघता सरळ माघारी फिरणं. तिला कधी पंचाचा अंगठा वर झाला का हे बघावं लागायचं नाही. मी हात खाली घेतला.

तेवढ्यात त्यांच्या पोरीनं आमच्यावर बोनस घेतला. पंचानं अंगठा वर केला, फलकावर त्यांचा एक गुण वाढला. वहिनी बघत होत्या. त्यांची एक खेळाडू बाहेर बसलेली होती, ती बसूनच राहिली.

"ती न्हाई उठली," वहिनी म्हणाल्या.

"बोनसला कुणी उठत नाही, वहिनी. नुसता गुण मिळतो."

शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं की मी ठरवलेला शब्द विसरले. वहिनींना ते खटकलेलं दिसलं नाही. त्यांनी मान हलवली, आणि मग नुसतं म्हणाल्या, "भितीवरच्या पदकांवानी." त्यांनी पदराचं टोक तोंडाला लावलं.

मध्यंतराला आम्ही चार गुणांनी मागं होतो. भाऊंनी भेळ आणली, कुणीच खाल्ली नाही. पुडा माझ्या मांडीवर राहिला.

दुसऱ्या डावात आमच्या पोरी सावरल्या. पकडी चांगल्या झाल्या, एका चढाईत दोघी टिपल्या. पण चढाईला खरी कुणी नव्हती, त्यामुळं चढाया रिकाम्या जायला लागल्या. एकदा आमच्या लागोपाठ दोन रिकाम्या गेल्या आणि माईकवाला ओरडला, "तिसरी चढाई. करो या मरो." भाऊ दचकून माझ्याकडं वळले.

मी सांगितलं, "एका संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीला काहीतरी आणावंच लागतं. शिवायचं, नाहीतर बोनस. मोकळ्या हातानं परत आलं तर चढाई करणारी बाद आणि गुण समोरच्यांना. म्हणून रिकाम्या दोनदाच चालतात. तिसरी रिकामी चालत नाही."

"मग तिसरीला कोन जायाचं?" भाऊंनी विचारलं.

"जी सगळ्यात भरवशाची ती."

"आपल्या संगात कोन हुती?"

"तीच, भाऊ. दोन वर्षं तिसरी चढाई तिचीच. मला बाकावरून सांगावंही लागायचं नाही. दुसरी रिकामी गेली की ती आपोआप पुढं यायची, हाताचे तळवे चड्डीला पुसायची आणि म्हणायची, तिसरी माझी."

भाऊ पुढं काही विचारणार होते. पण वहिनी पूर्ण माझ्याकडं वळून बसल्या होत्या. मॅटवर तिसरी चढाई चालू होती, लोक ओरडत होते, त्यांचं तिकडं लक्षच नव्हतं.

"काय म्हनायची?"

"तिसरी माझी."

"असंच म्हनायची?"

"हो. का?"

वहिनी म्हणाल्या, "दवाखान्यात म्हनत हुती. ताप डोक्यात गेल्ता तवा. 'तिसरी माझी हाय, मला जाऊ द्या.' सारखं तेच. मला काय कळंना. मला वाटलं तिसरी सलाईनची बाटली म्हनतीय. नर्सबाईलाबी इचारलं, तिसरी कंची म्हनून. ह्यान्ला वाटलं तिसरीतलं कायतरी आठवत आसंल, शाळंतलं." त्या थांबल्या. "मी तिचं हात धरून बसले. म्हनले, कुटं न्हाई जायाचं, बाय. गप पड. कुटं न्हाई जायाचं."

भाऊंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मी तिला न्हाई म्हनत हुते," वहिनी म्हणाल्या. "आन ती खेळत हुती."

मला काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हटलं, "वहिनी, ती निघून जायचं म्हणत नव्हती. तिसरी चढाई म्हणजे काहीतरी घेऊन परत यायचं. तिच्या डोक्यात परत यायचंच होतं."

"व्हय," त्या म्हणाल्या. "पर आली न्हाई."

मॅटवरची चढाई एव्हाना संपली होती. आमच्या पोरीनं कुणाला तरी शिवलं असावं, कारण आमच्या बाजूनं टाळ्या वाजत होत्या. ती चढाई आमच्या तिघांपैकी कुणीच पाहिली नाही.

त्यानंतर मी फारसं समजावलं नाही. गरजही पडली नाही. भाऊ आता स्वतःच बोटांवर समोरच्या पोरी मोजत होते. "पाच हायेत, बोनस न्हाई," असं स्वतःशी पुटपुटायचे. रिकाम्या चढायाही मोजायचे. आमची एक रिकामी गेली की एक बोट मुडपायचे, गुण आला की पुन्हा उघडायचे. एकदा मला म्हणाले, "मागल्या साली कोपर सोलून आल्ती. मी इचारलं, जिकला का? न्हाई म्हनली. मी म्हनलं बरं, आन गिरनीत गेलो. तवाबी तिसरीच आसंल."

होय, तिसरीच होती. उपांत्य सामन्यात चौघींनी मिळून तिला धरलं होतं, रेषेपासून हातभर अंतरावर. मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "हातभर," आणि आपला हात पुढं करून त्याच्याकडं बघत राहिले.

शेवटचं मिनिट राहिलं तेव्हा आम्ही एका गुणानं मागं होतो. आमच्या दोन रिकाम्या गेलेल्या, भाऊंची दोन बोटं मुडपलेली. माईकवाला पुन्हा ओरडला. समोर त्यांच्या सहा जणी उभ्या होत्या. चढाईला ती कोपऱ्यातली पोरगी निघाली, त्या मुलीच्या बाकावरची. तळवे तिनंही चड्डीला पुसले. ते तिनं जाणून केलं की तिलाही तीच सवय लागली होती, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

"सहा हायेत," भाऊ म्हणाले. "बोनस हाय."

तिनंही ते हेरलं होतं. एकदा डावीकडं पाय दाखवला, त्यांची कोपऱ्यातली पुढं आली, तशी ती उजवीकडं वळली आणि बोनस रेषेच्या पलीकडं पाय टाकला. टाकला आणि लगेच वळून, कुणाच्या हाती न लागता, मधली रेषा ओलांडून परत आली. आमच्या पोरींनी उड्या मारल्या. भाऊ उभे राहिले होते. बरोबरी झाली असं आमच्या सगळ्या बाजूला वाटलं.

पंचाचा अंगठा वर झाला नाही. त्यानं रेषेवरच्या पंचाकडं बघितलं, त्यानं मान हलवून नाही म्हटलं. मागचा पाय उचललेला नव्हता. म्हणजे बोनस नाही, म्हणजे चढाई रिकामी, आणि तिसरी रिकामी म्हणजे ती बाद, गुण समोरच्यांना. दोन गुणांचा फरक झाला, उरलेल्या वेळात तो भरून निघणं शक्य नव्हतं. आमची पोरगी मॅटवर उभीच राहिली. तिला बाहेर जायला सांगावं लागलं.

भाऊ कठड्याखालून वाकून आत गेले. मला वाटलं पोरीकडं चाललेत, पण ते सरळ पंचाकडं गेले. मी त्यांच्या मागं धावले. पंच तरुण होता. त्याला वाटलं असेल कुणी चिडलेला पालक आहे, तो दोन पावलं मागं सरला. भाऊ हात जोडून उभे राहिले.

"सायेब, पोरगी परत आली की," ते म्हणाले. "कुनी धरली न्हाई, दम तुटला न्हाई. रेघ वलांडून परत आली. मग बाद कशी?"

पंचानं समजावलं की काका, तिसरी चढाई होती, बोनस झाला नाही.

"मागला पाय वर हुता. मी बघितला."

आमचे सर धावत आले होते, त्यांनी पंचाच्या कानात काही सांगितलं. पंचाचा चेहरा बदलला. त्यानं शिट्टी तोंडातून काढली आणि वेळ थांबवायची खूण केली. भाऊ माझ्याकडं वळले.

"तुमीच सांगा, बाई. तुमीच सांगितलंय मला, मागला पाय वर पायजे. हुता का न्हाई?"

आम्ही रेषेच्या अगदी समोर बसलो होतो. मी तो पाय बघितला होता. टाच उचलली होती, पण बोटं मॅटला टेकलेली होती. चढाईवाली पोरगी नाही ती, तिला तो तोल जमत नाही.

"नव्हता, भाऊ," मी म्हटलं. "बोटं टेकली होती."

 मला वाटलं ते आता माझ्यावर चिडतील, आणि मला ते चाललंही असतं. पण ते म्हणाले, "बरं." मग पंचाला म्हणाले, "चुकलं सायेब," आणि टोपी डोक्यावर ठेवली. कठड्याकडं येताना हळू मला म्हणाले, "दवाखान्यातबी डाक्टर सांगत हुते, मी नुसतं बरं बरं म्हनलं. येक शब्द इचारला न्हाई. म्हनलं निदान हितं तरी इचारावं."

सामना आम्ही हरलो. पोरी रडत होत्या, आणि ते काही हरण्याचं रडणं नव्हतं, महिनाभर साठलेलं होतं. वहिनी त्यांच्यात गेल्या. बाकीच्या पोरी त्यांच्या गळ्यात पडल्या, पण ती कोपऱ्यातली लांब मॅटच्या टोकाला पाठ करून बसली होती. वहिनी तिच्याजवळ जाऊन खाली बसल्या.

ती म्हणाली, "काकी, ती असती तर आणला असता बोनस."

"व्हय, आनला असता," वहिनी म्हणाल्या. "तुझं पाय बारकं हायेत." त्यांनी तिचा पाय आपल्या मांडीवर घेतला, बूट काढला, मोजा काढला आणि तळपाय चोळत बसल्या. पोरगी आधी संकोचली, मग तिनं डोकं त्यांच्या खांद्याला टेकवलं. मी तिथून बाजूला झाले.

आम्ही टेम्पोनं परतलो. उसाच्या गाड्यांमुळं रस्ता तुंबलेला होता, गावात यायला उशीर झाला. गिरणीसमोर दोघीतिघी डबे घेऊन थांबल्या होत्या. भाऊंनी शटर वर केलं, पट्टा चढवला. मी निघाले तेव्हा गिरणीचा आवाज सुरू झाला होता आणि वहिनी सुपात ज्वारी ओतत होत्या.

भाऊ त्यानंतर सामन्याला आले नाहीत. दळण घेऊन गेले की मी आपणहून सामन्याचं सांगते, ते डबा घेता घेता ऐकतात. वहिनी मात्र काष्टीच्या बाजाराला जाऊन परतताना कधीकधी शाळेपाशी एसटीतून उतरतात. पिशव्या लिंबाखाली ठेवून सराव बघतात, आणि अंधार पडायच्या आत निघतात. पोरी त्यांना काकी म्हणतात. आता त्यांच्यासमोर मेली, उठली सगळं बोललं जातं. त्यांनीच एकदा सांगितलं, पोरीहो, तुमच्या बोलीत बोला, मला कळतंय समदं.

मागच्या महिन्यात मी सातवीतली एक मुलगी संघात घेतली. लांब पायांची आहे, धीट आहे. सरावात दोन रिकाम्या गेल्या की ती स्वतः पुढं येते, कुणी सांगायच्या आत. वहिनी त्या दिवशी आल्या होत्या. त्यांनी तिला दोनतीनदा जाताना बघितलं आणि पिशव्या उचलून माझ्याकडं आल्या.

"हिची आई कोन?"

मी सांगितलं. वस्तीवर राहतात, चार म्हशी आहेत.

"कधी आल्ती का बघाय?"

"नाही अजून."

"बोलवा तिला," वहिनी म्हणाल्या. "शेजारी बसून समदं सांगा तिला. न्हाई ऐकली तर मला सांगा, मी घेऊन येते."

मी दुसऱ्याच दिवशी त्या मुलीकडं निरोप दिला. तिची आई म्हणाली, धारांची वेळ असते, बघते जमलं तर. अजून आलेली नाही. वहिनी येतात तेव्हा आधी तेच विचारतात.